काटोलचा दगड आणि त्यावरचा शिक्का

22 मे 2012 रोजी भर दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात मोठे आवाज झाले आणि पाठोपाठ आकाशातून दगड पडले. बाहेरून काळपट पातळ कवच, आत राखाडी खडक. हवेतून प्रचंड वेगाने येताना पृष्ठभाग वितळतो आणि लगेच थिजतो, त्यातून हे कवच तयार होते. तपासणीनंतर या अशनीचा वर्ग ठरला ‘एल 6’. या दोन चिन्हांत एका हरवलेल्या लघुग्रहाचा बराचसा इतिहास आहे.

आधी ‘एल’कडे पाहू. अशनींची ढोबळ विभागणी दगडी, लोखंडी आणि दोन्ही मिसळलेल्या अशी होते. पृथ्वीवर पडताना दिसलेल्या अशनींत दगडी फार जास्त, आणि त्यांतही बहुतेक ‘काँड्राइट’ असतात, म्हणजे एकदाही पूर्ण न वितळलेले. यांपैकी सर्वाधिक आढळणाऱ्या काँड्राइटांचे लोहाच्या प्रमाणावरून ‘एच’, ‘एल’ आणि ‘एलएल’ असे तीन गट पाडतात. ‘एल’मध्ये लोह ‘एच’पेक्षा कमी. हे डोळ्यांनी ठरत नाही. अशनीचा केसाहून पातळ, प्रकाश आरपार जाईल असा काप काढतात आणि त्यातल्या ऑलिव्हिन खनिजावर इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून लोहाचे प्रमाण मोजतात. तिन्ही गटांचे आकडे एकमेकांपासून वेगळे राहतात, आणि यावरूनच हे दगड वेगवेगळ्या लघुग्रहांचे तुकडे असावेत असे मानतात.

आकडा मात्र उष्णतेचा आहे. काँड्राइटमध्ये मिलिमीटरभर आकाराचे गोल कण असतात, त्यांना काँड्रूल म्हणतात. सूर्याभोवतीच्या धुळीच्या तबकडीत धुळीचे पुंजके क्षणात दीड हजार अंशांच्या वर तापले, वितळले आणि काही तासांत थिजले, त्यातून हे थेंब बनले. ते कशाने तापले यावर आजही एकमत नाही. पुढे हे थेंब आणि धूळ एकत्र येऊन लघुग्रह तयार झाले. ज्यांचे काँड्रूल आजही ठसठशीत दिसतात त्या दगडांना 3 हा आकडा मिळतो. लघुग्रहाच्या पोटात दगड जितका भाजला तितके काँड्रूल पुसट आणि आकडा मोठा. काटोलचा 6 म्हणजे न वितळता जवळजवळ टोकापर्यंत भाजलेला दगड. 1 आणि 2 मात्र पाण्याने बदललेल्या दगडांसाठी राखले आहेत. राजस्थानात 2017 साली मुकुंदपुरा येथे पडलेला अशनी 2 क्रमांकाचा आहे.

मग प्रश्न येतो, अवकाशाच्या थंडीत लघुग्रहाच्या पोटात आग कुठून आली?

उत्तर मेक्सिकोत सापडले. 8 फेब्रुवारी 1969 रोजी तिथल्या आयेंदे गावाजवळ दोन टनांहून अधिक अशनी पडला. त्याचा आकडा 3. काँड्रूलांबरोबर त्यात कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमने भरलेले पांढरट ठिपके होते. अशा ठिपक्यांचे वय 456 कोटी 70 लाख वर्षे निघते. सूर्यमालेत तयार झालेले याहून जुने घन पदार्थ माहीत नाहीत. सूर्यमालेचे घड्याळ त्यांच्यापासूनच मोजतात. 1976 साली आयेंदेच्या ठिपक्यांत मॅग्नेशियम-26 अपेक्षेपेक्षा जास्त आढळले. ते ॲल्युमिनियम-26 या किरणोत्सारी अणूच्या ऱ्हासातून आले होते. हा अणू दर सात लाख वर्षांनी निम्मा होतो. आज तो केव्हाच संपला आहे, पण तेव्हा तोच लघुग्रहांना आतून तापवत होता.

यातून एक चक्रावणारी गोष्ट उलगडते. न वितळलेले काँड्राइट हेच आद्य दगड आणि लोखंडी अशनी त्यांच्यापासून पुढे घडले, असे दीर्घकाळ मानले जाई. लोखंडी अशनी वितळलेल्या लघुग्रहांच्या गाभ्यांचे तुकडे आहेत, तेव्हा तर्क सरळ वाटे. पण त्यांतल्या टंगस्टनने वेगळेच सांगितले. हाफ्नियम-182 हा अणू टंगस्टन-182 मध्ये बदलतो. लघुग्रह वितळून लोखंड गाभ्यात उतरले की टंगस्टन त्याच्यासोबत जाते, हाफ्नियम खडकात मागे राहते आणि गाभ्यातले टंगस्टनचे प्रमाण तिथेच गोठते. त्यावरून मोजले तर अनेक गाभे त्या पांढऱ्या ठिपक्यांनंतर अवघ्या दहा ते तीस लाख वर्षांत तयार झाले होते. म्हणजे त्यांचे लघुग्रह त्याहीआधी जमले, ॲल्युमिनियम-26 भरपूर असताना, आणि म्हणूनच वितळले. काटोलचा लघुग्रह साधारण वीस लाख वर्षांनी जमला असावा. तोवर इंधन बरेच ओसरले होते, त्यामुळे तो भाजला पण वितळला नाही.

काटोलमध्ये नंतरची एक खूणही आहे. त्याच्या बारीक शिरांमध्ये ब्रिजमनाइट हे खनिज सापडले. पृथ्वीत ते सुमारे 660 किलोमीटर खोलीच्या खालीच टिकते. छोट्या लघुग्रहाच्या पोटात तेवढा दाब कधीच नसतो. दोन लघुग्रहांच्या टकरीत तो क्षणभर निर्माण झाला, शिरांपुरता खडक वितळला आणि थिजताना ते खनिज तसेच अडकून राहिले.