आईला हे टॉनिक चालेल का?

‘डॉक्टरसाहेब, आईचे पहिले चार केमो, ते लाल औषधवाले, झाले. आता दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल सुरू आहे, तीन डोस झाले. तिला जिना चढवत नाही, अर्धी भाकरी खाल्ली की बस म्हणते. मामांनी शक्तीचं औषध आणून दिलंय. सकाळ-संध्याकाळ २० मिली, जेवणानंतर. बाटलीवर गुळवेल, अश्वगंधा, हळद, पिंपळी, मिरी अशी नावं आहेत. दुसऱ्या डोसच्या आदल्या दिवसापासून आई घेते आहे. तुम्हाला विचारायचं राहून गेलं. मामा म्हणतात, झाडपाल्याचंच आहे, अपाय कसला? हे सुरू ठेवू का? बाटलीचा फोटो सोबत पाठवते.’

ही मायलेक एका विशिष्ट घरातली नाहीत. कर्करोगाच्या डॉक्टरांकडे जे प्रश्न नेहमी येतात, त्यांतून जुळवलेलं हे उदाहरण आहे. पण हे पत्र नीट वाचण्यासारखं आहे, कारण उत्तर द्यायला लागतं ते जवळजवळ सगळं त्यात आलंय: कोणता केमो चालू आहे, टॉनिकमध्ये काय आहे, किती घेतलं जातं आणि कधीपासून. ‘आयुर्वेदिक औषध चालेल का?’ एवढंच विचारलं तर डॉक्टर ‘नको’ म्हणून मोकळे होतात आणि घरी बाटली गुपचूप चालूच राहते.

आधी मामांचं म्हणणं घेऊ. पॅक्लिटॅक्सेल स्वतःच झाडातून आलेलं औषध आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या यू नावाच्या झाडाच्या सालीत ते सापडलं. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात देतात ते व्हिंक्रिस्टीन आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून मिळतं. सह्याद्रीत वाढणाऱ्या नरक्या झाडात कॅम्प्टोथेसिन असतं आणि आतड्याच्या कर्करोगावरचं इरिनोटेकान त्यापासूनच तयार करतात. वनस्पतींमध्ये अशी ताकद असते, म्हणून तर केमो काम करतो. मग टॉनिकमधल्या वनस्पतींनाही काही ना काही परिणाम असणारच, हे धरूनच विचार करायला हवा.

एक वनस्पती दुसऱ्या वनस्पतीपासून बनलेल्या औषधाचं काय करू शकते, याचा मोजलेला पुरावा आहे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००२ मध्ये इरिनोटेकान घेणाऱ्या पाच रुग्णांना उदासीवर युरोपात सर्रास घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती दिली. इरिनोटेकानपासून शरीरात जो प्रत्यक्ष काम करणारा पदार्थ तयार होतो, त्याचं रक्तातलं प्रमाण ४२ टक्क्यांनी घटलं. रुग्णाला वेगळं काही जाणवत नाही आणि केमो मात्र कमी पोचतो.

आईच्या बाटलीत ती वनस्पती नाही. तिथे काळजी उलट दिशेची आहे. पॅक्लिटॅक्सेलचा निचरा यकृत करतं आणि त्यासाठी यकृतातली ठरावीक विकरं राबतात. मिरी आणि पिंपळीतलं पायपरीन त्यांतल्या एका विकराचं काम मंदावतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. एकाच खिडकीवर दोन रांगा लागल्या की दोन्ही रांगा खोळंबतात, तसं काहीसं. हळदीबरोबर पायपरीन दिलं की हळदीतलं कर्क्युमिन रक्तात कितीतरी पटींनी जास्त उतरतं, हे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं. टॉनिकमध्ये मिरी-पिंपळी घालण्यामागचा हेतूही तोच असतो. पण ती फक्त हळदीलाच हात देईल आणि केमोला स्पर्श करणार नाही, याची हमी कोण देणार? पॅक्लिटॅक्सेल शरीरात जास्त रेंगाळलं तर हातापायांना मुंग्या, बधिरपणा आणि पेशी कमी होणं वाढू शकतं. आमटीतल्या हळदीला किंवा रस्सममधल्या मिरीला ही भीती लागू नाही. प्रश्न रोज मोजून घेतलेल्या अर्काचा आहे.

गुळवेलीचा मुद्दा मला अधिक गंभीर वाटतो. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे सुरू झाले. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांतून अशाच ४३ रुग्णांचा अभ्यास आला. शरीराची प्रतिकारयंत्रणाच यकृतावर उलटल्यासारखं चित्र अनेकांत होतं. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही. गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी, असं त्यांचं म्हणणं होतं. हा वाद खरा धरला तरी मुलीपुढची अडचण तीच राहते, कारण मामांच्या बाटलीत नेमकी कोणती वेल आहे हे ती ओळखू शकत नाही. आणि गुळवेल घेणाऱ्या बहुतेकांना काहीच होत नाही, हेही तितकंच खरं. केमो चालू असलेल्या बाईचं यकृत मात्र आधीच कामाला जुंपलेलं असतं.

म्हणून पत्र वाचल्यावर डॉक्टर आधी रक्ताचा रिपोर्ट बघतील. पॅक्लिटॅक्सेल सुरू होण्याआधी आईचं एसजीपीटी ३४ होतं, म्हणजे ठीक. समजा, चौथ्या डोसच्या आदल्या दिवशी ते २२६ आलं. बिलीरुबिन ०.९, म्हणजे कावीळ नाही. डोळे पांढरेच, लघवीचा रंग नेहमीचा, खाज नाही. आईला काहीही वेगळं वाटत नाही. यकृताची सूज बहुतेकदा अशीच आधी कागदावर दिसते.

आता हे कशामुळे? पॅक्लिटॅक्सेलनेही एसजीपीटी वाढू शकतं. केमोआधी देतात त्या स्टेरॉइडमुळे दबून बसलेली हेपेटायटिस बी डोकं वर काढू शकते. यकृतात आजार पसरला असेल, तीही शक्यता असते. त्यात टॉनिकची भर पडल्यावर कोणाकडे बोट दाखवणार? टॉनिकचा मला दिसणारा सगळ्यात मोठा तोटा हाच आहे. ते निर्दोष असलं तरी संशय वाढवतं आणि त्यापायी लागू पडत असलेला केमो थांबवावा लागतो किंवा कमी करावा लागतो.

डॉक्टरांचं उत्तर साधारण असं येईल: ‘टॉनिक आजपासून बंद. बाटली टाकू नका, येताना घेऊन या. उद्याचा डोस आठवडाभर पुढे ढकलू. हेपेटायटिस बीची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या. तुम्ही सांगितलंत ते फार बरं केलंत. आईंचा थकवा मात्र खरा आहे. हिमोग्लोबिन ९.१ आहे, त्यासाठी काय करायचं ते भेटीत ठरवू. तोवर अर्ध्या भाकरीबरोबर अंडं किंवा घट्ट वरण द्या, दर दोन तासांनी थोडं थोडं. मामांना सांगा, सगळे केमो संपले की वैद्यांशी मीही बोलेन.’

आठवड्याने सोनोग्राफी स्वच्छ, हेपेटायटिस बी नाही आणि एसजीपीटी ९६. मुलगी म्हणेल, म्हणजे टॉनिकच होतं. पण त्या आठवड्यात टॉनिकबरोबर पॅक्लिटॅक्सेलही बंद होतं, त्यामुळे एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. खरी परीक्षा पुढची. चौथा डोस टॉनिकशिवाय दिला. सात दिवसांनी एसजीपीटी ५२, पाचव्यानंतर ४१. एकटं पॅक्लिटॅक्सेल यकृताला सोसतंय, म्हणून संशय टॉनिककडे झुकला. खात्री करायला ते पुन्हा देऊन बघायचं नसतं. डॉक्टरांनी आईच्या फाइलवर लाल पेनने ‘गुळवेलयुक्त टॉनिक, एसजीपीटी २२६, पुन्हा देऊ नये’ अशी नोंद केली आणि सहाव्या डोसची तारीख लिहिली.