कमाल आकडा, किमान आकडा आणि जर्मन रणगाडे

ऑगस्ट १९४२ मध्ये जर्मनीच्या कारखान्यांतून किती रणगाडे बाहेर पडले? दोस्त राष्ट्रांच्या हेरांचा अंदाज होता १५५०. लंडनमधल्या अमेरिकी वकिलातीच्या आर्थिक युद्ध विभागाने मात्र हाती लागलेल्या रणगाड्यांवरचे अनुक्रमांक तपासले आणि ३२७ हा आकडा काढला. युद्ध संपल्यावर जर्मन दप्तर उघडलं, तेव्हा त्यात नोंद सापडली ३४२ ची.

हे ज्या गणितामुळे साधलं त्याला ऑर्डर स्टॅटिस्टिक्स म्हणतात. निरीक्षणं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडायची आणि त्या ओळीतल्या जागांचा, विशेषतः दोन्ही टोकांचा, अभ्यास करायचा.

शंभर सेंटिमीटरच्या पट्टीवर डोळे मिटून पाच ठिपके टाकले, असं समजू. पट्टीवरची प्रत्येक जागा सारख्याच शक्यतेची आणि एका ठिपक्याचा दुसऱ्याशी संबंध नाही. सर्वांत पुढचा ठिपका ९० च्या आत राहण्याची शक्यता किती? तो आत राहायचा, तर पाचही ठिपके आतच हवेत. एकाची शक्यता ०.९, म्हणून पाचांची ०.९ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ५९ टक्के. कमाल ठिपका ५० च्या आत अडकण्याची शक्यता जेमतेम ३ टक्के. ठिपके n असतील तर घात n चा. किमान ठिपक्याला हाच नियम उलट्या बाजूने लागतो: तो १० च्या पुढे असायचा, तर पाचही ठिपके १० च्या पुढे पडले पाहिजेत.

हे ठिपके सरासरी कुठे पडतात? पट्टीची दोन टोकं जोडून तिचं कडं करा. आता कड्यावर सहा खुणा झाल्या, पाच ठिपके आणि एक सांधा. सांध्याला वेगळं स्थान उरलं नाही, म्हणून सहाही अंतरं सरासरीने सारखीच, प्रत्येकी १६.७ सेंटिमीटर. म्हणजे किमान ठिपका सरासरी १६.७ वर आणि कमाल ८३.३ वर. या मांडणीतलं मला हे सर्वांत सुंदर वाटतं, कारण कलनशास्त्राची एकही पायरी न चढता उत्तर हाती येतं.

आता पट्टीच्या जागी अनुक्रमांक ठेवू. समजा क्रमांक १ पासून सुरू होतात आणि पाच रणगाड्यांवर १७, ४३, ६०, ६२ आणि १९८ सापडले. सरासरी ७६, तिची दुप्पट १५२. हा अंदाज उघडच चुकीचा आहे, कारण १९८ क्रमांकाचा रणगाडा समोर उभा आहे! म्हणून आधार घ्यायचा तो कमाल आकड्याचा. त्याच्या पलीकडेही एक सरासरी अंतर शिल्लक असणार, म्हणून १९८ मध्ये त्याचा पाचवा भाग मिळवायचा आणि एक वजा करायचा. उत्तर सुमारे २३७. अर्थात पाच आकड्यांवर फार विसंबता येत नाही. ९५ टक्के खात्रीने बोलायचं तर एकूण संख्या ३६० च्या आत आहे, एवढंच म्हणता येतं. तेच १९८ वीस रणगाड्यांतलं कमाल असतं, तर ही मर्यादा २३० वर आली असती.

मात्र मोजणी १ पासूनच सुरू होते, असं धरून चालणं धोक्याचं. वरचे क्रमांक २००१७ ते २०१९८ असे असते, तर नुसत्या कमाल आकड्याने चोवीस हजारांहून अधिक रणगाडे सांगितले असते. इथे किमान आकडा उपयोगी पडतो. दोन टोकांमधलं अंतर १८१. सहापैकी चार अंतरं त्यात सामावतात, म्हणून १८१ ची दीडपट करून एक वजा करायचा. उत्तर सुमारे २७०.

सगळा डोलारा दोन गृहीतांवर उभा आहे: आकडे सारख्या शक्यतेचे हवेत आणि एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. एकाच तुकडीचे रणगाडे एकत्र पकडले गेले, तर त्यांचे क्रमांक शेजारशेजारचे असू शकतात. मग पाच आकडे दिसले तरी माहिती जणू एकाच आकड्याची. आकडे ओळीने लावल्यावर झुबके आणि मधे मोठी भगदाडं दिसली, की सावध व्हायचं. क्रमांकांची साखळी मधेच तुटली असेल तरीही हिशेब फसतो. म्हणूनच विश्लेषकांचा मुख्य भर गिअरबॉक्सच्या क्रमांकांवर होता, कारण त्यांच्या दोन अखंड मालिका होत्या. सांगाड्याचे आणि इंजिनाचे क्रमांक वापरणं अधिक किचकट होतं.

पँथर रणगाड्यांच्या बाबतीत चाकांच्या साच्यांचे क्रमांकही कामी आले. हाती होते दोनच रणगाडे, दोघांची मिळून ६४ चाकं. त्यांवरून किती साचे वापरात आहेत आणि एका साच्यातून महिन्याला किती चाकं निघू शकतात, याचा हिशेब मांडला. फेब्रुवारी १९४४ साठी अंदाज निघाला २७० पँथरचा. प्रत्यक्षात त्या महिन्यात २७६ तयार झाले होते.