दादाला फोन करण्याआधी

आईचं डायलिसिस, मंगळवार आणि शुक्रवार. धाकटी बहीण रात्री दादाला लांबलचक मेसेज लिहिते : ‘तुला आईची कधीच पर्वा नव्हती. मार्चपासून मी एकटी मरतेय. वहिनीला तर विचारायलाच नको. बाबांच्या वेळीही तू असाच...’

हा मजकूर पाठवू नये, पण पुसूही नये. फोनचा कच्चा माल त्यातच आहे. तो कागदावर उतरवून घ्यावा आणि ज्याला तारीख किंवा वार लावता येतो तेवढंच अधोरेखित करावं. ‘कधीच’, ‘नेहमी’ खोडावं, कारण दादा एक अपवाद सांगेल आणि उरलेला फोन त्या अपवादावरच जाईल. वहिनी आणि बाबा हे वेगळे विषय, आज नकोत.

उरतं ते एवढंच :

‘मार्चपासून दोन्ही दिवस मीच नेतेय.’
‘माझ्या रजा संपल्यात, मी थकलेय.’
‘शुक्रवार तू घेशील का? नाहीतर त्या दिवशीच्या मदतनिसाचे पैसे देशील?’

खरी मेहनत तिसऱ्या ओळीला लागते. मूळ मेसेजमध्ये मागणी नव्हतीच, नुसती फिर्याद होती! ‘जरा लक्ष दे’ म्हटलं की समोरचा ‘हो’ म्हणून मोकळा होतो. वार सांगितला की उत्तर द्यावंच लागतं.

ओळी एकदा मोठ्यानं वाचाव्यात. जिथे आवाज चढतो, तिथे टोमणा शिल्लक आहे. दादा जुनं उकरू लागला तर एक वाक्य तयार ठेवावं : ‘ते रविवारी बोलू, आधी शुक्रवारचं सांग.’