दिवाळीची रोषणाई आणि सोसायटीची सूचना

वसुबारसेच्या आठवडाभर आधी गृहनिर्माण सोसायटीच्या सूचनाफलकावर सचिवांच्या सहीचा एक कागद लागतो. रोषणाई कधी करायची, वीज किती वापरायची आणि माळा कधी उतरवायच्या, एवढेच त्यात असते. जिना, गच्ची आणि इमारतीचा दर्शनी भाग सामाईक असल्याने तिथले नियम व्यवस्थापक समिती ठरवते. सदस्याच्या घरातल्या कंदिलाशी तिचा फारसा संबंध नसतो.

वेळेचे कलम खरे तर दोन वेगळ्या गोष्टींचे असते. ड्रिल, शिडी आणि ठोकाठोकीचे काम दुपारची झोप सोडून दिवसा उरकायचे, ही पहिली. दुसरी म्हणजे दिवे चालू ठेवण्याची वेळ. महाराष्ट्रात या दिवसांत सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, म्हणून संध्याकाळी सहा ते रात्री अकरा ही वेळ पुरेशी ठरते. ध्वनिक्षेपकाला रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे ती २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे. दिव्यांना तो नियम लागू नाही. पण समोरच्या घराच्या पडद्यावर रात्रभर उघडझाप करणारी माळ भांडणाला पुरेशी असते. दोघातिघांवर जबाबदारी टाकण्यापेक्षा टायमर बसवलेला बरा.

वीजवापराची मर्यादा वाचून अनेकांना वाटते की समिती बिल वाचवते आहे. बिल हा त्यातला लहान भाग. एक किलोवॉटची रोषणाई रोज पाच तास, दहा दिवस चालली तरी पन्नास युनिट होतात. खरी अडचण जिन्यातल्या जुन्या वायरची असते.

समजा, पाच मजली इमारतीत जिन्याच्या दिव्यांच्या लाइनवर सहा अँपिअरचा एमसीबी आहे. २३० व्होल्टला ही लाइन साधारण १,३८० वॉट झेपवते. जिन्यातले नऊ वॉटचे दहा दिवे ९० वॉट घेतात. दर्शनी भागावर दहा वॉटच्या चाळीस एलईडी माळा सोडल्या, की आणखी ४०० वॉट. इथवर सगळे ठीक असते. मग कोणीतरी रांगोळीवर उजेड पडावा म्हणून पाचशे वॉटचे दोन हॅलोजन लावतो आणि बेरीज १,४९० वर जाते. प्रवाह साडेसहा अँपिअरच्या आसपास पोहोचतो. गंमत अशी, की एवढ्या थोड्या वाढीला एमसीबी लगेच पडत नाही, तासन्‌तास पडत नाही. त्यात तीनशे वॉटचा साउंड जोडला, की प्रवाह पावणेआठ अँपिअरला भिडतो आणि एमसीबी ऐन गर्दीत पडून जिना अंधारात जातो.

यानंतर हमखास होणारी चूक म्हणजे सहाचा एमसीबी काढून सोळाचा बसवणे. एमसीबी वायरला राखण्यासाठी असतो. तो मोठा केला तरी भिंतीतली वायर तेवढीच बारीक राहते, आणि आता तापण्याची पाळी तिची येते. स्विचबोर्ड हाताला गरम लागणे, प्लगची टोके तपकिरी पडणे, जळक्या प्लास्टिकचा वास येणे ही त्याची लक्षणे. उपाय साधा आहे: हॅलोजनच्या जागी पन्नास वॉटचे दोन एलईडी फ्लडलाइट लावले, की तीच सजावट ५९० वॉटमध्ये बसते. साउंडला वेगळी लाइन द्यावी. म्हणूनच चांगल्या सूचनेत नुसते ‘वीज जपून वापरा’ नसते. ‘सामाईक लाइनवर हॅलोजन लावू नये, एकूण भार आठशे वॉटच्या आत ठेवावा’ असे लिहिलेले असते. बाल्कनीतल्या माळा ज्याच्या त्याच्या मीटरवर.

आणखी एक ओळ हवी ती जोडांबद्दल. दिवाळीत अवकाळी सर आली, की नुसती चिकटपट्टी गुंडाळलेला जोड भिजतो आणि लोखंडी ग्रिलमध्ये वीज उतरू शकते. जोड बंद डबीत असावा आणि गच्चीवरची लाइन ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीतून आलेली असावी.

उतरवण्याच्या तारखेवर सर्वाधिक वाद होतो, कारण दिवाळी नेमकी संपते कधी याचे उत्तर घराघरांत वेगळे असते. कुणाची भाऊबीजेला आटोपते, तर कुणी तुळशीचे लग्न लागेपर्यंत कंदील काढत नाही. हे लग्न कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कधीही लागते. त्यामुळे त्रिपुरी पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार ही तारीख सगळ्यांना मानवते. त्याहून उशीर झाला, की स्वस्त माळांचे आवरण उन्हाने ठिसूळ होते आणि लोंबत्या वायरी पाण्याच्या पाइपात अडकतात. उतरवताना आधी एमसीबी बंद करायचा, मग माळ ओढायची. घाईत याच्या उलट होते.

तारखेइतकेच ‘कोणी उतरवायचे’ हेही लिहावे लागते. सामाईक भागाची जबाबदारी समितीच्या इलेक्ट्रिशियनची, बाल्कनीची सदस्याची. मुदत उलटल्यावर दंड लावायचा असेल, तर त्याला उपविधींचा आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावाचा आधार लागतो. तो नुसत्या फलकावरच्या कागदाने लावता येत नाही.