ग्रहीय मर्यादांची चिकित्सा : पपईवरील पिठ्या ढेकणाच्या निमित्ताने

शाश्वत शेतीवरील निबंधांत ‘नऊपैकी सहा मर्यादा ओलांडल्या गेल्या आहेत’ हे विधान हमखास आढळते. २०२३ च्या मूल्यमापनानुसार ते बरोबर होते. २०२५ मध्ये महासागरांच्या आम्लीकरणाची भर पडून ही संख्या सात झाली. मात्र केवळ संख्या उद्धृत करणे म्हणजे चिकित्सा नव्हे. ती कशी करावी, हे एका परिचित किडीच्या उदाहरणाने पाहू.

संकल्पना थोडक्यात

२००९ मध्ये योहान रॉकस्ट्रॉम व सहकाऱ्यांनी ही चौकट मांडली. गेल्या सुमारे अकरा-बारा हजार वर्षांत पृथ्वीची स्थिती तुलनेने स्थिर राहिली आणि त्याच काळात शेती विकसित झाली. ही स्थिती टिकवणाऱ्या नऊ प्रक्रियांसाठी त्यांनी मोजता येतील असे निर्देशक सुचवले. हवामानबदल, नत्र व स्फुरदाचे चक्र, गोडे पाणी, जैवविविधता इत्यादींचा त्यांत समावेश आहे. जैवविविधतेचा एक निर्देशक म्हणजे प्रजाती नामशेष होण्याचा वेग. दहा लाख प्रजातींमागे वर्षाला दहापेक्षा कमी प्रजाती नष्ट व्हाव्यात, ही मर्यादा. प्रत्यक्ष वेग शंभरहून अधिक असल्याचा अंदाज आहे.

उदाहरण

मूळच्या मेक्सिको व मध्य अमेरिकेतील पपईवरील पिठ्या ढेकूण (पॅराकोकस मार्जिनॅटस) २००८ मध्ये कोइंबतूर येथे आढळला. पपईबरोबरच तुती, टॅपिओका व इतर पिकांवर त्याचा प्रादुर्भाव झाला आणि पुढे तो महाराष्ट्रातही पोहोचला. अंगावरील मेणचट आवरणामुळे फवारलेले कीटकनाशक त्याच्या शरीरापर्यंत नीट पोहोचत नाही. त्यामुळे फवारण्या वाढल्या, मित्रकीटक मेले आणि कीड मात्र टिकून राहिली.

२०१० मध्ये बेंगळुरू येथील राष्ट्रीय संस्थेने (आजचा राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो) प्यूर्टो रिकोहून तीन परोपजीवी कीटक आणले. त्यांपैकी ॲसेरोफॅगस पपायी सर्वांत प्रभावी ठरला. त्याची मादी ढेकणाच्या पिलांत अंडी घालते, आतील अळी ढेकणाला पोखरते आणि उरलेल्या कवचातून नवा मित्रकीटक बाहेर पडतो. प्रसारण केलेल्या भागांत काही महिन्यांतच कीड आटोक्यात आली.

निर्देशकाला काय दिसले?

आता हीच घटना चौकटीतून पाहू. या काळात कोणतीही प्रजाती नष्ट झाल्याची नोंद नाही. उलट आपल्याकडे प्रथम एका किडीची व नंतर तीन मित्रकीटकांची भर पडली. म्हणजे नामशेषतेच्या आकड्यात नुकसानही उमटले नाही आणि उपायही नाही. बिघडले होते ते प्रजातींमधील नाते : भक्ष्य आले, पण त्याचा शत्रू मागे राहिला. नव्या कृत्रिम पदार्थांच्या मर्यादेचेही तसेच. तिचा निर्देशक पुरेशी सुरक्षा-चाचणी न होता वापरात आलेल्या रसायनांचे प्रमाण पाहतो. चाचणी झालेले कीटकनाशक एका बागेत किती वेळा फवारले, हे त्यात येत नाही.

दुसरी अडचण मोजमापाची आहे. कीटकांच्या सुमारे दहा लाख प्रजातींचे वर्णन झाले असून त्याहून अधिक प्रजाती अद्याप अज्ञात असाव्यात. ज्यांना नाव नाही, त्यांच्या नष्ट होण्याची नोंद कशी होणार? शिवाय शेतातील परागीभवन किंवा कीडनियंत्रण कमी होण्यासाठी प्रजाती जगातून नाहीशी व्हावी लागत नाही; त्या शिवारात तिची संख्या घटली, तरी पुरते.

चिकित्सेतील पथ्य

‘मर्यादा म्हणजे कडेलोटाचा बिंदू, आणि तो सिद्ध नाही’ असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो अर्धवट आहे. मर्यादा धोक्याच्या बिंदूवर नव्हे, तर अनिश्चिततेचा पट्टा जेथे सुरू होतो तेथे, सावधगिरीने आखलेली असते. काही प्रक्रियांना जागतिक कडेलोट-बिंदू ज्ञात नाही, हे कर्तेही मान्य करतात. नामशेषतेचा वेग हा तात्पुरता निर्देशक असल्याचे आणि ही चौकट लहान प्रदेशांसाठी रचलेली नसल्याचेही त्यांनी नमूद केले आहे. म्हणून तालुक्याला जागतिक आकडा लावून चौकट चुकीची ठरवणे अन्यायाचे होईल.

योग्य आक्षेप असा : जैवविविधतेचे कार्य स्थानिक असते, त्यामुळे एकच जागतिक आकडा ‘मर्यादेच्या आत’ असला, तरी शिवार सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. कार्बन डायऑक्साइडबाबत हा आक्षेप लागू पडत नाही, कारण तो वातावरणात जगभर मिसळतो. म्हणजेच नऊ मर्यादांवर एकच टीका करता येत नाही.

निबंध लिहिताना एकच मर्यादा निवडावी. तिचा निर्देशक व मूल्य सांगावे, तो काय मोजतो हे स्पष्ट करावे, स्वतःच्या जिल्ह्यातील एक घटना त्यावर तपासावी आणि कर्त्यांचे उत्तर नोंदवून मगच आपला निष्कर्ष मांडावा. त्या शिवारात काय मोजायला हवे, हेही लिहावे : आपल्या उदाहरणात, परोपजीवी कीटक बाहेर पडल्याचे छिद्र असलेल्या ढेकणांचे शेकडा प्रमाण.