विलोपन विक्रियेची यंत्रणा : वेगनियम व ड्यूटेरियम-परिणाम यांची साक्ष

अल्किल हॅलाइडातून हायड्रोजन हॅलाइड निघून जाऊन अल्कीन तयार होते, तेव्हा तुटणाऱ्या दोन बंधांपैकी कोणता बंध आधी तुटतो, हा प्रश्न केवळ उत्पादित पदार्थाकडे पाहून सुटत नाही. इंगोल्ड व ह्यूज यांनी दोन मार्ग वेगळे करून दाखविले. एकरेणवीय मार्गात (E1) प्रथम कार्बन–हॅलोजन बंध सावकाश तुटून कार्बोनियम आयन निर्माण होतो व त्यानंतर बीटा कार्बनावरील प्रोटॉन त्वरेने निघून जातो. द्विरेणवीय मार्गात (E2) क्षारक प्रोटॉन ओढून घेत असतानाच हॅलोजनही सुटतो. दोन्ही बंध एकाच संक्रमण अवस्थेत तुटत असतात. स्टायरीन देणारे २-फेनिलएथिल ब्रोमाइड, C6H5CH2CH2Br, हे उदाहरण घेऊन या दोहोंतील निवड कशी करावी, हे येथे पाहू.

प्रथम वेगनियम. एथेनॉलमधील सोडियम एथॉक्साइडने ही विक्रिया घडविली असता E2 साठी वेग = k[RBr][EtO⁻] असा, तर E1 साठी वेग = k[RBr] असा नियम अपेक्षित आहे. प्रयोगात एथॉक्साइड पुष्कळ जास्त घेणे सोयीचे असते. ब्रोमाइडाची संहती ०.०१ मोलर व एथॉक्साइडाची ०.५ मोलर असेल, तर विक्रिया पूर्ण होईपर्यंत क्षारक केवळ दोन टक्क्यांनी घटते. त्यामुळे ब्रोमाइडाच्या संहतीचा लघुगणक काळाशी सरळ रेषा देतो. नवशिक्या अभ्यासकाची फसगत नेमकी येथे होते, कारण ही सरळ रेषा एकरेणवीय यंत्रणेचा पुरावा नव्हे. खरी परीक्षा दुसऱ्या प्रयोगात आहे. एथॉक्साइड ०.२५ मोलर घेऊन पुन्हा मापन करावे; वेगस्थिरांक निम्मा झाला, तर क्षारक वेगनियमात आहे. निरनिराळ्या संहतींवर मिळालेले स्थिरांक एथॉक्साइडाच्या संहतीपुढे मांडले, म्हणजे रेषेचा उतार द्विरेणवीय भाग देतो आणि शून्य संहतीवरील छेद क्षारकाविना चालणारा भाग देतो. तृतीयक हॅलाइडांच्या बाबतीत हे दोन्ही भाग एकाच वेळी लक्षणीय असू शकतात. मात्र अशा मालिकेत एकंदर आयनी तीव्रता सारखी ठेवावी लागते. नाहीतर लवणाच्या परिणामाने वाढलेला वेग क्षारकाच्या सहभागाचा आभास निर्माण करतो.

परंतु वेगनियमाला एक जागा पूर्णपणे अंध आहे. विद्रावकच क्षारकाचे काम करीत असेल, तर त्याची संहती बदलत नाही आणि E2 विक्रियाही प्रथम कोटीची दिसते. अशा वेळी, आणि इतर वेळीही स्वतंत्र साक्षीदार म्हणून, ड्यूटेरियमचा आधार घ्यावा लागतो.

कार्बन–हायड्रोजन बंधाची ताणकंप-वारंवारता सुमारे २९०० सेंमी⁻¹, तर कार्बन–ड्यूटेरियम बंधाची सुमारे २१०० सेंमी⁻¹ असते. शून्यबिंदू ऊर्जा वारंवारतेच्या निम्मी असल्याने दोहोंत ४०० सेंमी⁻¹, म्हणजे मोलमागे सुमारे ४.८ किलोजूल इतका फरक पडतो. संक्रमण अवस्थेत हा ताणकंप उरतच नाही असे मानले, तर ड्यूटेरियमयुक्त रेणूला तेवढा अधिक चढ चढावा लागतो व २५° सें. तापमानास kH/kD हे गुणोत्तर सुमारे ७ येते. वेग ठरविणाऱ्या पायरीत हा बंध तुटतच नसेल, तर गुणोत्तर एकच्या जवळ राहते.

साँडर्स व एडिसन यांनी १९६० मध्ये बीटा स्थानी दोन ड्यूटेरियम असलेले C6H5CD2CH2Br घेऊन, एथेनॉलमधील एथॉक्साइडासह ३०° सें. तापमानास मापन केले. गुणोत्तर ७.१ मिळाले. वेगनियमाने क्षारकाचा सहभाग सांगितला होता. या आकड्याने प्रोटॉन वेग ठरविणाऱ्या पायरीतच हलतो, हे सांगितले.

आता तुलनेसाठी तृतीयक ब्यूटिल क्लोराइड घेऊ. एथेनॉल–पाणी मिश्रणात त्याचे विद्रावकविघटन होताना नऊही हायड्रोजनांच्या जागी ड्यूटेरियम घातले, तर क्लोराइड नाहीसे होण्याचा वेग सुमारे २.३ पटीने घटतो. हा आकडा पाहून प्रोटॉन तुटत असल्याचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. नऊ ड्यूटेरियमांनी मिळून हा परिणाम घडविला आहे. प्रत्येकाचा वाटा सुमारे १.१ पट एवढाच आहे. कार्बोनियम आयनाला शेजारच्या C–H बंधांकडून अतिसंयुग्मनाने आधार मिळतो व ते बंध किंचित सैल होतात, एवढाच त्याचा अर्थ. याला दुय्यम परिणाम म्हणतात. उलट, साँडर्स व एडिसन यांच्याच मालिकेत ब्रोमाइडाऐवजी ट्रायमेथिलअमोनियम गट असता ५०° सें. तापमानास गुणोत्तर केवळ ३.० आले, तरीही विक्रिया द्विरेणवीयच आहे. तेथे अमोनियम गट सुटण्यास जड असल्यामुळे प्रोटॉन संक्रमण अवस्थेत निम्म्याहून अधिक क्षारकाकडे गेलेला असतो, व अशा असममित अवस्थेत शून्यबिंदू ऊर्जेचा काही भाग शिल्लक राहतो. २.३ आणि ३.० हे आकडे जवळचे असले, तरी एकामागे नऊ ड्यूटेरियम आहेत व दुसऱ्यामागे दोनच, आणि त्यांपैकीही एकच बंध तुटतो. म्हणून गुणोत्तरासोबत ड्यूटेरियम किती व कोठे आहे, हे नेहमी सांगावे.

मापनात काय मोजले जाते, याकडेही लक्ष हवे. E1 मध्ये कार्बोनियम आयन तयार झाल्यावर तो प्रोटॉन गमावील की विद्रावकाशी जोडला जाईल, ही निवड ड्यूटेरियमने बदलते. अल्कीनचे प्रमाण घटते, पण हॅलाइड नाहीसे होण्याचा वेग जवळजवळ तसाच राहतो. केवळ अल्कीन मोजणाऱ्यास येथे खोटा प्राथमिक परिणाम दिसेल. E2 मध्ये चूक उलट दिशेने होते. समजा, विक्रियेचे ९५ टक्के विलोपन व ५ टक्के प्रतिष्ठापन आहे आणि खरे गुणोत्तर ७.१ आहे. ड्यूटेरियमयुक्त नमुन्यात विलोपनाचा वाटा ९५ वरून १३.४ वर येतो, प्रतिष्ठापन ५ च राहते, एकूण १८.४. म्हणून केवळ क्षारकाचे अनुमापन करणाऱ्यास १००/१८.४, म्हणजे ५.४ एवढेच गुणोत्तर मिळेल. नमुन्यातील बीटा स्थानी पाच टक्के साधा हायड्रोजन उरला असेल, तर आरंभीच्या वेगांवरून काढलेले गुणोत्तरही नेमके तेवढेच खाली येते. यास्तव स्टायरीनचे प्रमाण जंबुपार शोषणाने स्वतंत्रपणे मोजावे व नमुन्याची समस्थानिक शुद्धता आधी निश्चित करावी.

एक शंका उरते. क्षारकाने आधी प्रोटॉन काढून कार्बऋणायन बनविला व मग ब्रोमाइड सुटला, तरी वेगनियम द्वितीय कोटीचाच येईल. त्यातील पहिली पायरी उलटसुलट चालत असेल, तर विद्रावकातील हायड्रोजन मूळ रेणूत शिरला पाहिजे. स्केल व हाउजर यांनी १९४५ मध्ये हेच ब्रोमाइड C2H5OD मध्ये अर्धवट विक्रिया होऊ देऊन परत मिळविले. त्यात ड्यूटेरियम आढळले नाही. कार्बऋणायन बनून परत फिरत नाही, एवढे यावरून सिद्ध होते. तो बनताच परतीविना ब्रोमाइड गमावीत असेल, तर मात्र वेगनियम, बीटा ड्यूटेरियम व ही अदलाबदल, तिन्ही मिळूनही त्याला E2 पासून वेगळे करू शकत नाहीत. तेथे सुटणाऱ्या गटाच्या बदलाचा वेगावर होणारा परिणाम तपासावा लागतो.