पीएलसीला सूचना दिली कोणी?

5 फेब्रुवारी 2021 रोजी अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातील ओल्डस्मारच्या जलशुद्धीकरण केंद्रात ऑपरेटरच्या स्क्रीनवरचा कर्सर आपोआप फिरू लागला. पाण्यात मिसळायच्या कॉस्टिक सोड्याची सेटिंग 100 वरून 11,100 पीपीएमवर गेली. ऑपरेटरने ती लगेच पूर्ववत केली, असं तिथल्या शेरीफने जाहीर केलं. पुढे 2023 मध्ये, घटनेच्या वेळच्या नगर व्यवस्थापकाने सांगितलं की तो हल्ला नव्हताच, कर्मचाऱ्याकडूनच काहीतरी झालं असावं. बाहेरून घुसखोरी झाल्याची खात्री एफबीआयलाही देता आली नाही. तिथल्या संगणकांचा दूरवरून वापर करण्यासाठी सगळ्यांना एकच पासवर्ड होता. मग आत कोण आलं, हे ठरवायचं कशावरून?

हा प्रश्न कारखान्यांतही तितकाच खरा आहे. यंत्रं चालवणारे अनेक पीएलसी मॉडबस टीसीपी या पद्धतीने बोलतात. तिच्या मूळ रचनेत नाव किंवा पासवर्ड विचारण्याची सोयच नाही. नेटवर्कवरून 502 क्रमांकाच्या पोर्टपर्यंत जो पोचला, त्याची सूचना पीएलसी पाळतो.

म्हणून मध्ये एक संगणक बसवतात, त्याला जंप होस्ट म्हणतात. यंत्र पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनियर व्हीपीएनमधून आधी इथे येतो, स्वतःच्या नावाने आणि ओटीपी देऊन. पीएलसीचं सॉफ्टवेअर याच संगणकावर असतं, त्यामुळे इंजिनियरचा लॅपटॉप पीएलसीला थेट जोडला जात नाही. बाहेरून आलेल्यांपैकी फक्त जंप होस्टलाच फायरवॉल पुढे सोडतो. शिफ्ट इन्चार्ज कामापुरतं, समजा दुपारी 2 ते 4, खातं उघडतो आणि तेवढ्या वेळातल्या स्क्रीनचं रेकॉर्डिंग होतं.

दुसरी सोय फक्त ऐकण्याची. जुने पीएलसी स्कॅनिंगच्या माऱ्याने कधी कधी अडकतात, म्हणून त्यांना काही विचारायचंच नाही. स्विचच्या मिरर पोर्टवरून सगळ्या रहदारीची प्रत एका वेगळ्या संगणकाकडे जाते. मॉडबसमध्ये फंक्शन कोड 3 म्हणजे रजिस्टर वाचणं, 6 आणि 16 म्हणजे त्यात लिहिणं. ऑपरेटरचा स्क्रीन दिवसभर वाचत असतो. लिहिणारे पत्ते मोजकेच असतात आणि त्यांची यादी करता येते.

आता समजा, रात्री 11 वाजता कोड 16 दिसला. पत्ता जंप होस्टचा असेल तर त्या वेळी खातं कोणासाठी उघडलं होतं ते बघायचं आणि रेकॉर्डिंग लावायचं. पत्ता यादीबाहेरचा असेल आणि जंप होस्टवर कोणाचीच नोंद नसेल, तर कोणीतरी दुसऱ्या वाटेने आलंय. बऱ्याचदा ही वाट म्हणजे यंत्र बसवताना पॅनेलमध्ये लावलेला आणि नंतर विसरलेला 4जी मोडेम.

हे ऐकणं सूचना अडवत नाही, फक्त दाखवतं. शिवाय तो मोडेम आणि पीएलसी पॅनेलमधल्याच छोट्या स्विचला जोडलेले असतील, तर त्यांचं बोलणं मिरर पोर्टपर्यंत येतच नाही. तो सापडायचा तर बॅटरी घेऊन एकेक पॅनेल उघडावं लागतं.